वाचलेल्या कोंबडीचं काय करायचं?

रात्री खुराड्यात शिरलेली कोंबडी सकाळी मेलेली सापडली की घरच्यांचा पहिला संशय मुंगसावर, नाहीतर सापावर जातो. मुंगसाचं काम मात्र लपत नाही. मान फोडलेली असते, पिसं विखुरलेली असतात, रक्त दिसतं. पण कधी कधी मेलेल्या कोंबडीच्या अंगावर साधा ओरखडाही नसतो. गळ्याखालची पिशवी दाण्यांनी भरलेली, अंगात मांस चांगलं, परवापर्यंत अंडी चालू. फक्त तुरा लालाचा जांभळा झालेला आणि चोचीतून चिकट लाळेची तार ओघळलेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन जातात, तिसऱ्या दिवशी चार. जातात त्या बहुतेक मोठ्या, अंड्यावर असलेल्या कोंबड्या आणि कोंबडे. पिल्लं मात्र दाणे टिपत हिंडत असतात. मोठ्या मरताहेत आणि पिल्लं शाबूत आहेत, हे दिसलं की कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा संशय घ्यावा.

पुस्तकांत याला कोंबड्यांची पटकी असंही म्हणतात. माणसाच्या पटकीशी मात्र त्याचा काही संबंध नाही. तो जंतू वेगळा, हा वेगळा. याचं नाव पाश्चुरेला मल्टोसिडा. हे नाव परकं वाटलं तरी याच जंतूला आपल्याकडचे शेतकरी दुसऱ्या अंगाने चांगले ओळखतात. पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना जी घटसर्पाची लस टोचली जाते, तो घटसर्प याच जातीच्या जंतूमुळे होतो. फरक आहे तो जंतूवरच्या आवरणाचा. म्हशीला मारणारा प्रकार बहुधा ‘बी’ गटातला असतो, कोंबड्यांतला बहुधा ‘ए’ गटातला. म्हणून घटसर्पाच्या लशीतला उरलासुरला थेंब कोंबड्यांना टोचून काही साधत नाही. गावात हा प्रयोग सुचवणारे लोक भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

या रोगाबद्दल बोलताना सगळं लक्ष मरणाऱ्या कोंबड्यांकडे जातं आणि ते साहजिकही आहे. पण रोग पुढे चालतो तो मेलेल्या कोंबड्यांपेक्षा वाचलेल्यांमुळे. ते कसं, हे कळायला जंतू अंगात शिरून काय करतो ते आधी पाहू.

तो शिरतो मुख्यतः चोच, घसा आणि नाकाच्या आतल्या ओलसर अस्तरातून. डोळ्याच्या पडद्यातून किंवा कातडीवरच्या जखमेतूनही त्याला वाट मिळते. एकदा रक्तात पोहोचला की त्याच्यावरचं आवरण त्याला रक्तातल्या भक्षक पेशींपासून वाचवतं आणि तो झपाट्याने वाढतो. जंतू जोरकस असला तर सगळं अंगच रक्तदोषाने भरतं. पहिल्या काही कोंबड्या तर लक्षणं दाखवायलाही जगत नाहीत. त्यानंतरच्या काही तास किंवा एक-दोन दिवस काढतात. ताप चढतो, पिसं फुलवून कोपऱ्यात बसतात, खाणं सुटतं, श्वास जलद होतो, चोचीतून चिकट स्राव गळतो. हगवण आधी पाण्यासारखी पांढुरकी, मग हिरवट आणि शेमडी होते. मरायच्या सुमारास तुरा आणि चोचीखालच्या पाळ्या जांभळ्या पडतात.

जंतू बेताचा जोरकस असेल किंवा पक्षी पहिल्या तडाख्यातून तरला, तर चित्र वेगळं होतं. रक्तातला जंतू आटोक्यात येतो, पण शरीराच्या एखाद्या कोपऱ्यात ठाण मांडतो. त्याची सगळ्यात आवडती जागा म्हणजे चोचीखाली लोंबणाऱ्या त्या लाल पाळ्या. कोंबड्यात त्या मोठ्या असतात, म्हणून चटकन नजरेत येतात. सहसा एकच पाळी सुजते. सुरुवातीला ती गरम, तुकतुकीत आणि पाणी भरल्यासारखी मऊ लागते. आठ-दहा दिवसांनी बोटांत धरली तर आत टणक गाठ लागते. ती कापली तर पातळ पू वाहत नाही, पिवळट, पनीरसारखा घट्ट गोळा निघतो. कोंबडीवर्गात पू बहुतेक असाच घट्ट होतो, त्यामुळे गळू फोडून निचरा करण्याचा माणसांतला उपाय इथे फारसा चालत नाही. पाळीखेरीज पायाच्या तळव्याची गादी, गुडघा, पंखाचा सांधा, छातीच्या हाडावरची पिशवी, डोळ्याभोवतीचा भाग इथेही सूज येते. जंतू कानाच्या आतल्या भागात शिरला तर मान एका बाजूला वळते. मान वळलेली पाहून लोक ‘मानमोडी आली’ म्हणतात, म्हणजे राणीखेत समजतात, आणि उपचाराची दिशाच चुकते.

तेव्हा अचानक मरण आणि सुजलेली पाळी हे दोन वेगळे रोग नव्हेत. एकाच रोगाची ही दोन टोकं आहेत. सुजलेली पाळी घेऊन हिंडणारा, खाणारा-पिणारा, आरवणारा कोंबडा हा त्या घरातला जंतूचा साठा असतो. काही पक्ष्यांना तर बाहेरून काहीच दिसत नाही. जंतू त्यांच्या नाका-घशात महिनोन्‌महिने, कधी आयुष्यभर राहतो आणि पाणी पिताना भांड्यात उतरतो.

हे गुपित पहिल्यांदा हाती लागलं ते लुई पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत, 1879-80 च्या सुमारास. तूलूझच्या पशुवैद्यकीय शाळेतले आंरी तूसाँ यांनी त्यांना रोगाचा नमुना पाठवला होता. पाश्चरांनी कोंबडीच्या मांसाचा रस्सा करून त्यात हा जंतू वाढवला. त्याचा थेंब टोचला की कोंबड्या मरत, ससेही मरत. गिनीपिगना मात्र टोचल्या जागी फक्त गळू व्हायचं. प्राणी खातपीत राहायचा, गळू फुटून बरंही व्हायचं. पण त्याच गळूतला पू कोंबडीला टोचला की ती मरायची. स्वतः धडधाकट दिसणारा प्राणी दुसऱ्याचं मरण अंगावर वागवू शकतो, हे पाश्चरांनी त्यावरून मांडलं. आपल्या खुराड्यातला सुजलेल्या पाळीचा कोंबडा तेच करत असतो.

आता एक घर पाहू. हे कुठलं एक विशिष्ट घर नाही, अनेक घरांत जे घडतं तेच इथे सलग मांडलं आहे. परसात चाळीस कोंबड्या आहेत, त्यांतल्या अठ्ठावीस मोठ्या आणि बारा पिल्लं. पावसाळा सरत आलाय, खुराडं अजून ओलं आहे. आठवडी बाजारातून एक उमदा कोंबडा आणला जातो. त्याची एक पाळी जराशी जाड दिसते. विकणारा म्हणतो, “भांडकुदळ हाय, चोच लागलीय.” कोंबडा त्याच रात्री बाकीच्यांबरोबर डालला जातो. पाण्याचं घमेलं सगळ्यांना एकच.

पाचव्या दिवशी सकाळी एक कोंबडी मेलेली मिळते. हा काळ जुळतो, कारण जंतू शिरल्यापासून रोग दिसेपर्यंत बहुधा दोन ते आठ दिवस जातात. सहाव्या दिवशी दोन जातात. सातव्या दिवशी एक मलूल दिसते. “मरायच्या आधी कापून टाका,” असं आजी म्हणते. कोंबडी कापली जाते, शिजते. आतडी, डोकं आणि पिसं उकिरड्यावर पडतात. अर्ध्या तासात घरच्या बाकीच्या कोंबड्या तिथे जमून ते टोचू लागतात. संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात घातक घटना हीच. मेलेल्या पक्ष्याच्या अंगात, रक्तात, काळजात या जंतूची खच्चून गर्दी असते. विष्ठेतून तो फारसा जिवंत बाहेर पडत नाही. पसरतो तो मुख्यतः चोचीतल्या स्रावातून, त्या स्रावाने बिघडलेल्या पाण्यातून आणि मेलेला पक्षी टोचण्यातून. नवव्या-दहाव्या दिवशी पाच-पाच कोंबड्या जातात, त्या उकिरड्याचा हिशेब म्हणून.

डॉक्टर येतात, औषध देतात. तिसऱ्या दिवशी मर थांबते. घर निर्धास्त होतं आणि उरलेली पुडी फळीवर ठेवून दिली जाते. पंधरा दिवसांनी पुन्हा दोन कोंबड्या मरतात. औषध खोटं होतं, असं सगळे म्हणतात. खरं तर औषधाने आपलं काम केलं होतं. बाजारातून आणलेला तो कोंबडा अजून आरवत होता आणि त्याची पाळी अजून जाड होती, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

इथे डॉक्टरांनी काय केलं असेल तेही पाहण्यासारखं आहे. पक्षी उघडल्यावर या रोगाच्या खुणा बऱ्यापैकी ठळक दिसतात. हृदयावरच्या चरबीवर लाल ठिपके शिंपडल्यासारखे असतात. काळीज सुजलेलं असून त्यावर रव्याएवढे असंख्य पांढुरके कण दिसतात, म्हणजे तिथल्या पेशी मेलेल्या असतात. आतड्याचा सुरुवातीचा भाग लालबुंद असतो. अंड्यावरच्या कोंबडीत बलक फुटून पोटभर पसरलेला सापडतो. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. काळजाचा तुकडा काचपट्टीवर हलकेच टेकवून ठसा घेतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन्ही टोकांना गडद आणि मधे फिकट अशा बारीक काड्या दिसल्या की संशय बळावतो. शेवटचा शब्द मात्र प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याचाच. पक्षी कुजायला लागला असेल तर मांडीचं लांब हाड न फोडता पाठवावं. आतल्या मगजात हा जंतू बराच काळ शाबूत राहतो.

ही चिरफाड घरी करू नये, आणि त्याला मोठं कारण आहे. अचानक मरण, जांभळा तुरा, सुजलेल्या पाळ्या हेच सगळं बर्ड फ्लूतही दिसतं. भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी 2006 मध्ये आढळला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. 2021 मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा आला. बर्ड फ्लूत सहसा सगळा कळपच एक-दोन दिवसांत आडवा होतो, मोठ्या-लहानांत भेद राहत नाही, डोकं सुजतं, पायांच्या खवल्यांखाली रक्त साकळतं. कॉलऱ्यात मरणं चढत जातात, पण पिल्लं बरीचशी टिकतात. राणीखेतमध्ये धाप, हिरवी हगवण आणि नंतर पंख-मान लुळी पडणं दिसतं, आणि पिल्लंही सुटत नाहीत. नाकातोंडाला घाण वास, डोळ्यांखाली सूज आणि भरपूर शिंका, पण मरणं थोडी, असं असेल तर तो कोरायझा असतो. कागदावर हे भेद सोपे वाटतात, प्रत्यक्ष खुराड्यात तितके स्वच्छ दिसत नाहीत. म्हणून मेलेला पक्षी दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घट्ट बांधून, बर्फ घातलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवावा. गोठवू मात्र नये. तिथून तो जिल्ह्याच्या किंवा पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेत जाऊ शकतो.

आता औषधाकडे. हा जंतू बऱ्याच प्रतिजैविकांना बधतो. टेट्रासायक्लिन गट, सल्फा गट, पेनिसिलिन ही जुनी आणि चालणारी औषधं आहेत. पण ठिकठिकाणचा जंतू वेगवेगळ्या औषधांना निगरगट्ट झालेला असतो. त्यामुळे पहिला डोस डॉक्टरांच्या अंदाजाने सुरू करून, प्रयोगशाळेचा अहवाल आला की गरज पडल्यास औषध बदलायचं, ही रीत योग्य. सल्फा औषधं अंड्यावरच्या कोंबड्यांना देऊ नयेत. अंडी घटतात आणि औषध अंड्यात उतरतं. कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत वापरायला भारतात 2019 पासून बंदी आहे. दुकानदाराने जुनी पुडी पुढे केली तरी घेऊ नये.

औषध निवडण्यापेक्षा ते पोचवण्यात जास्त चुका होतात. पुडी पाण्यात टाकली की काम झालं, असं आपण धरतो. पण आजारी कोंबडी पाणीच कमी पिते, म्हणजे जिला गरज तिलाच औषध मिळत नाही. म्हणून मलूल दिसणाऱ्या पक्ष्यांना वेगळं काढून इंजेक्शन द्यावं आणि पाण्यातलं औषध मुख्यतः अजून धड असलेल्यांसाठी आहे, असं समजावं. मात्राही लिटरवर नाही, वजनावर काढावी. हिशेब कळावा म्हणून एक उदाहरण घेऊ. शेडमध्ये दीड किलोच्या हजार कोंबड्या आहेत, म्हणजे एकूण दीड हजार किलो वजन. डॉक्टरांनी किलोमागे 20 मिलिग्रॅम औषध लिहिलं तर दिवसाला 30 ग्रॅम मूळ औषध लागेल. बाजारातली भुकटी 20 टक्क्यांची असेल तर 30 ग्रॅम औषधासाठी 150 ग्रॅम भुकटी. नुसतं ‘30 ग्रॅम’ ऐकून 30 ग्रॅम भुकटी टाकणारे कमी नाहीत, आणि मग पाचवा हिस्साच मात्रा पोटात जाते. ही सगळी भुकटी दिवसभराच्या टाकीत न टाकता सकाळी कोंबड्या सहा-आठ तासांत जेवढं पाणी पितील तेवढ्यातच विरघळवावी, आणि तोवर दुसरं पाणी ठेवू नये.

टेट्रासायक्लिनच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. हे औषध कॅल्शियमला बांधलं जातं. बोअरचं जड पाणी आणि अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यातला भरपूर चुना या दोन्हींमुळे ते आतड्यातून कमी शोषलं जातं. पाणी जड असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं, म्हणजे ते मात्रा किंवा औषध बदलतील. मर थांबली तरी ठरवलेले सगळे दिवस औषध द्यावं. औषध चालू असताना आणि बाटलीवर लिहिलेला वर्जनकाळ संपेपर्यंत अंडी आणि मांस विकू नये, खाऊही नये.

हे सगळं नीट पार पडलं तरी औषधाला एक मर्यादा राहतेच. ते रक्तातला जंतू मारतं. पाळीतल्या त्या घट्ट गोळ्यात रक्तच पोचत नाही, तिथे औषध कुठून पोचणार? नाका-घशात दडलेले जंतूही पुरते जात नाहीत. म्हणूनच औषध बंद झालं की काही दिवसांनी मर पुन्हा सुरू होते. पाळी सुजलेला, सांधा जाड झालेला, मान वळलेला पक्षी बरा करायच्या भानगडीत पडू नये. तो कळपातून काढून मारावा आणि पुरावा. कोंबडा कितीही देखणा असला तरी माझं मत हेच आहे. त्याला बाजारात विकणं तर सगळ्यात वाईट. आपला रोग दुसऱ्याच्या परसात पोचवण्याची याहून खात्रीची रीत नाही.

मोठ्या शेडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. मांसासाठीच्या ब्रॉयलर कोंबड्या पाच-सहा आठवड्यांत विकल्या जातात. हा रोग बहुधा सोळा आठवड्यांपुढच्या पक्ष्यांना गाठतो, त्यामुळे ब्रॉयलरवाल्यांना तो क्वचितच भेटतो. झळ बसते ती अंड्यांच्या आणि पैदाशीच्या फार्मवाल्यांना, आणि गावरान पाळणाऱ्यांना. दहा हजार अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये दिवसाला दोन-चार मरणं हा नेहमीचा हिशेब. नोंदवहीत चार, नऊ, बावीस असे आकडे ओळीने आले की चौथ्या दिवसाची वाट पाहू नये. फार्मची खरी अडचण असते ती वेगवेगळ्या वयांच्या कळपांची. एक शेड रिकामी झाली तरी शेजारच्या शेडमध्ये जुना कळप असतोच, आणि त्याच्यातला जंतू नव्या कळपापर्यंत पोचवायला उंदीर-घुशी असतात. उंदीर हा जंतू स्वतः बाळगू शकतात. एकाच वयाचा कळप एकदम आणणं आणि एकदम काढणं जमलं तर निम्मा प्रश्न सुटतो. ते जमत नसेल तर रोजचं काम लहान कळपाकडून मोठ्याकडे, निरोग्यांकडून आजाऱ्यांकडे याच क्रमाने करावं. मेलेले पक्षी दिवसातून दोनदा उचलावेत. पिंजऱ्यात मरून पडलेली कोंबडी संध्याकाळपर्यंत राहिली तर शेजारणी तिला टोचायला लागतातच.

परसात उंदरांच्या जोडीला मांजर येतं. मांजराच्या तोंडात हा जंतू सर्रास असतो, त्यामुळे त्याने धरलेली आणि सुटलेली कोंबडी वरवर वाचली तरी तिला आत घेण्याआधी वेगळी ठेवावी. गोव्यात आणि तळकोकणात जिथे डुकरं आणि कोंबड्या एकाच आवारात हिंडतात, तिथे डुकरांकडूनही कोंबड्यांना मारणारे प्रकार येऊ शकतात. बदकं आणि टर्की पाळत असाल तर त्यांना कोंबड्यांपासून दूरच ठेवा. टर्की तर या रोगाला कोंबडीपेक्षाही लवकर बळी पडते.

जंतूचा बंदोबस्त करणं त्या मानाने सोपं आहे, कारण तो अंगाबाहेर फार चिवट नाही. ऊन, कोरडेपणा आणि साधी जंतुनाशकं त्याला पुरतात. चिवट होतो तो फक्त सावलीत, ओलीत आणि कुजणाऱ्या मांसात. मेलेल्या अंगात आणि ओल्या मातीत तो महिना-दोन महिने तग धरू शकतो. म्हणून खुराडं आधी खरवडून कोरडं करावं, मग जंतुनाशक मारावं, मग उन्हात उघडं ठेवावं. ओल्या शेणामातीवर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं. मेलेले पक्षी विहिरीपासून लांब, कमरेएवढ्या खोल खड्ड्यात कळीचा चुना टाकून पुरावेत, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. पाण्याचं भांडं रोज घासावं आणि ते जमिनीवर न ठेवता कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर ठेवावं. नवा पक्षी आणला की किमान तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली आणि वेगळ्या भांड्यावर ठेवावा, त्याची पाळी बोटांत धरून पाहावी. त्या घरातल्या कोंबड्याची पाळी बाजारातच बोटांत धरून पाहिली असती तर आत गाठ लागली असती.

लसही आहे, आणि तिची कथा पुन्हा पाश्चरांकडेच जाते. त्यांच्या प्रयोगशाळेत बराच काळ पडून राहिलेल्या जुन्या रश्श्यातला जंतू टोचला तर कोंबड्या आजारी पडून सावरायच्या, आणि नंतर ताजा, जोरकस जंतू टोचूनही मरायच्या नाहीत. प्रयोगशाळेत जंतूचा जोर कमी करून केलेली ही पहिली लस, आणि तिची घोषणा 1880 मध्ये झाली. पण त्या लशीचा जोर बेभरवशाचा होता. कधी ती फार सौम्य निघायची, कधी तिनेच रोग व्हायचा. आज बहुतेक ठिकाणी मेलेल्या जंतूची लस वापरतात. पहिली मात्रा आठ ते दहा आठवड्यांच्या वयात, दुसरी त्यानंतर चार आठवड्यांनी, म्हणजे अंड्यावर येण्याआधी, मानेच्या कातडीखाली देतात. ती थंड ठेवावी, गोठवू नये.

या लशीच्या दोन त्रुटी आहेत. जंतूचे सोळा प्रकार ओळखले गेले आहेत आणि मेलेल्या जंतूची लस मुख्यतः तिच्यात घातलेल्या प्रकारांपासूनच वाचवते. तुमच्या भागातला प्रकार तिच्यात नसेल तर टोचूनही मर येऊ शकते. म्हणून ज्या फार्मवर हा रोग पूर्वी सापडला आहे तिथे प्रयोगशाळेकडून प्रकार ओळखून घ्यावा आणि तो असलेली लस मागावी. दुसरी त्रुटी अशी की लस जंतूच्या वाहकाला बरं करत नाही. परसात आजवर रोग आलाच नसेल तर लशीच्या मागे न लागता नवा पक्षी वेगळा ठेवणं आणि उंदरांचा बंदोबस्त करणं यांवर पैसा खर्च करावा. रोग येऊन गेला असेल तर वाडीतल्या सगळ्यांनी आपापल्या कोंबड्यांना एकाच दिवशी टोचून घ्यावं, कारण लशीची बाटली शेकडो मात्रांची येते आणि एकदा उघडलेली बाटली ठेवून देता येत नाही. मर चालू असतानाही मेलेल्या जंतूची लस औषधाबरोबर देता येते. जिवंत लस मात्र प्रतिजैविक चालू असताना देऊ नये, औषध तिच्यातला जंतूच मारून टाकतं.

एका दिवसात दोनपेक्षा जास्त मोठ्या कोंबड्या कारण न कळता गेल्या तर घरी कापाकापी न करता, उरलेल्या न विकता, दवाखान्याला कळवा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. आणि मर थांबल्यावर आठवड्याने एकदा प्रत्येक वाचलेल्या कोंबडीची पाळी, पाय आणि मान हाताने तपासा.